आमची वाटचाल: शहापूरच्या दुकानापासून मोबाईलच्या अ‍ॅपपर्यंत

येत्या पाडव्याला सकाळी आमचं किराणा घरपोच देणारं अ‍ॅप सुरू होतंय. पहिल्या ऑर्डरवर 50 रुपये सवलत आहे. ती कशी बसवली आणि आत्ता कुठल्या कुठल्या भागात येतो, हे गिऱ्हाइकांना नीट सांगावं म्हणून हे लिहितोय.

दुकान वडिलांनी बेळगावातल्या शहापुरात सुरू केलं. माल रविवार पेठेतून उचलायचा, घरोघरच्या महिन्याच्या याद्या वहीत उतरवून घ्यायच्या आणि पोत्यातनं तोलून द्यायचं, असा व्यवहार होता. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर यायला लागल्या आणि नंतरही येतच राहिल्या. पण फोटोतल्या यादीत डाळ कुठली, तेल कुठल्या कंपनीचं, हे विचारायला प्रत्येक घरी फोन करावा लागतो. संध्याकाळी काउंटरवर गर्दी असते तेव्हा हे जमत नाही. अ‍ॅपमध्ये गिऱ्हाईक स्वतःच फोटो आणि दर बघून निवडतं, म्हणून हा मार्ग धरला.

प्ले स्टोअरवर अ‍ॅप चढवणं पैशाच्या मानानं स्वस्त आहे, गूगलची नोंदणी फी एकदाच 25 डॉलर भरायची. वेळ मात्र लागतो. स्वतःच्या नावानं नवीन खातं काढलं असेल, तर अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी निदान 12 जणांनी ते सलग 14 दिवस आपापल्या मोबाईलवर ठेवून तपासावं, अशी अट आहे. आम्ही त्यासाठी आमचीच गिऱ्हाइकं घेतली, आणि त्याचा मोठा उपयोग झाला. वडगावातल्या एका काकूंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "अरे, मोहरी पावशेर कुठं मिळते यात? सगळं किलोनंच दिसतंय." तेव्हापासून सुट्या मालाला पाव, अर्धा आणि एक किलो असे तिन्ही पर्याय ठेवले.

आता सवलतीचं. मोठ्या अ‍ॅपवर दहा टक्के, वीस टक्के सूट दिसते. आम्ही टक्के ठेवले नाहीत, कारण किराण्यात सगळ्या मालावर सारखा नफा सुटत नाही. तांदूळ, पोहे, मसाले यांत थोडं राहतं, तेल आणि साखर जवळजवळ खरेदीच्या भावातच जातात. कुणी 2,200 रुपयांचा तेलाचा डबा मागवला आणि दहा टक्के सूट दिली, तर 220 रुपये गेले. त्या डब्यावर दुकानाला सुटतात जेमतेम चाळीस. अशी सूट द्यायची तर आधी दर चढवावे लागतात, आणि ते आम्हाला करायचं नाही. अ‍ॅपवरचा दर आणि काउंटरवरचा दर एकच राहील.

एक नेहमीची ऑर्डर घ्या. सोना मसुरी पाच किलो 300, तूरडाळ एक किलो 130, सूर्यफूल तेल एक लिटर 150, साखर दोन किलो 90, पोहे अर्धा किलो 30. बिल झालं 700. यात आम्हाला सुटतात साधारण 52 रुपये. पन्नास सवलतीत गेले, आणि पोरगं गाडी घेऊन जाणार त्याचे पेट्रोल आणि पगार धरून पंचवीसेक. म्हणजे पहिल्या ऑर्डरला आम्ही तेवीसेक रुपये पदरचे घालतो. त्याच घरातून दुसरी ऑर्डर आली की ते भरून निघतात. एवढं आमच्या दुकानाला झेपतं. म्हणूनच अट अशी आहे: बिल 500 च्या वर हवं, आणि सवलत एका घराला एकदाच. घरातल्या दुसऱ्या मोबाईलवरून त्याच पत्त्यावर परत लागणार नाही. बिल भरण्याआधी कूपनच्या जागी `PAHILI50` टाका, 50 रुपये वजा झालेले दिसतील. दिसले नाहीत तर ऑर्डर पक्की करू नका, आधी दुकानात फोन करा.

त्यानंतरही 500 च्या वरच्या ऑर्डरला घरपोच फुकट, खालच्या ऑर्डरला 20 रुपये. पैसे रोख किंवा यूपीआयनं द्या. कार्ड घेत नाही, कारण कार्डाच्या व्यवहारावर गेटवे कंपनी आपला वाटा कापून घेते आणि एवढ्या कमी नफ्यात ते बसत नाही.

भागांचा विचार आम्ही रेल्वे फाटकांवरून केला. शहापूर, खासबाग, वडगाव, हिंदवाडी, टिळकवाडी, भाग्यनगर आणि अनगोळ हे फाटकाच्या अलीकडचे. तिथे सकाळी नऊ ते रात्री आठ, ऑर्डर दिल्यापासून दोन तासांत माल पोचेल. पलीकडे काँग्रेस रोड, नानावाडी, चन्नम्मानगर, कॅम्प. अंतर जास्त नाही, पण गाडी यायच्या वेळेला फाटक पडलं की पोरगं अलीकडेच उभं राहतं आणि मागच्या चार घरांचा माल अडकतो. पाळता येत नाही ती वेळ सांगायची नाही, म्हणून तो भाग सध्या घेतलेला नाही. त्या बाजूसाठी वेगळा माणूस आणि वेगळी गाडी लावली की तोही सुरू करू.

येळ्ळूर आणि धामणेला रोज सकाळी एकच फेरी. आदल्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत ऑर्डर द्या. पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याला पाणी चढून शिवारात पसरलं, तर फेरी उशिरा निघेल आणि तसा फोन आम्ही आधी करू.

पत्त्याची एक विनंती. मारुती गल्ली शहरात आहे तशी आसपासच्या गावागावांतही आहे, आणि नकाशावरची खूण पुष्कळदा मागच्या गल्लीत पडते. म्हणून खूण बोटानं सरकवून आपल्या घरावर आणा आणि खालच्या रकान्यात गावाचं नाव, गल्ली आणि जवळची ओळखीची जागा लिहा, म्हणजे मंदिर, गिरणी, शाळा, काय असेल ते. एवढं असलं की पोरगं फोन न करता दारात येतं.

अ‍ॅप घ्यायचं असं: दुकानाच्या काउंटरवर आणि प्रत्येक बिलाच्या मागे क्यूआर कोड छापलाय. मोबाईलच्या कॅमेऱ्याला तो दाखवला की प्ले स्टोअरचं पान उघडतं. तिथे `Install` दाबा. उघडल्यावर मराठी, कन्नड किंवा इंग्रजी यातली भाषा निवडा, मोबाईल नंबर घाला आणि आलेला ओटीपी अ‍ॅपमध्येच टाका. मग पत्ता भरा, झालं. अ‍ॅप लोकेशनची आणि सूचना पाठवण्याची परवानगी मागेल. फोनबुक किंवा मेसेज वाचायची परवानगी आमचं अ‍ॅप मागत नाही. ज्यांना स्वतः जमत नाही त्यांनी मोबाईल घेऊन दुकानात या, बसवून देतो. आयफोनवाल्यांसाठी अ‍ॅप अजून नाही. अ‍ॅपलची फी दरवर्षी 99 डॉलर आहे. तोवर त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरच यादी पाठवावी, 50 रुपयांची सवलत त्यांनाही पहिल्या घरपोच ऑर्डरला मिळेल.

कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्या नावानं फाईल पाठवून ती बसवायला सांगितली, तर बसवू नका. आम्ही अशी फाईल पाठवत नाही. ओटीपी आमचा माणूस फोनवर कधी विचारणार नाही. आणि एखादी वस्तू संपली म्हणून पैसे परत द्यायचे झाले, तर ते तुमच्या खात्यात आपोआप येतात, त्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही.

माल दारात आला की पोरग्यासमोरच पिशवी उघडून बघा. सुटा माल कमी वाटला तर त्याच्याकडे छोटा काटा आहे, तिथेच तोलून घ्या. पाकीट फुटलेलं किंवा तारीख उलटलेलं निघालं तर तेव्हाच परत द्या, बदली माल त्याच दिवशी पोचेल.