दुकानात मदतनीस नेमताना : जाहिरात लवकर जमली, प्रश्नांनी दमवलं

जाहिरातीचं काम तसं चटकन उरकलं, कारण तिथे काय लिहायचं हे कामावरूनच ठरतं. ‘होतकरू, मेहनती, हसतमुख उमेदवार पाहिजे’ असं छापून काहीच साधत नाही. हे वाचून कोणी ‘मी मेहनती नाही, मी अर्ज करत नाही’ असं म्हणत नाही. त्याऐवजी दिवसभरात हातून होणारी कामं लिहिली: सकाळी माल उतरवून घेणे, रॅक भरणे, ग्राहकाला वस्तू दाखवणे, बिल करणे, बंद करताना झाडलोट आणि गल्ला मोजणे. पेट्या १५ किलोपर्यंतच्या असतात आणि बहुतेक वेळ उभं राहावं लागतं, हेही लिहिलं. ही दोन वाक्यं वाचून काही जण मागे हटतात, आणि ते जाहिरात वाचून हटलेलं बरं, दुसऱ्या आठवड्यात पाठ धरून हटलेलं नको.

पगाराचा आकडा मात्र नक्की लिहावा. ‘पगार योग्यतेनुसार’ लिहिलं की दिवसभर फोन येतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो. निश्चित आकडा द्यायचा नसेल तर किमान आणि कमाल द्या, पण दोन्हींत फार अंतर ठेवू नका, कारण प्रत्येक जण वरचाच आकडा लक्षात ठेवतो. कामाची वेळ, आठवड्याची सुट्टी आणि सणासुदीला येणं बंधनकारक आहे की नाही, हेही त्याच ओळीत. ‘मुलगा पाहिजे’ किंवा ‘मुलगी पाहिजे’ लिहू नका. बऱ्याच देशांत ते कायद्यात बसत नाही, आणि असं नसतं बंधन घातलं की चांगला माणूस हातचा जातो.

खरा अडथळा पुढे आला. तयार प्रश्नांच्या याद्या कुठेही मिळतात आणि त्यांचा मला मनापासून राग येतो. ‘स्वतःबद्दल सांगा’, ‘तुमचे गुण आणि दोष कोणते’, ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता’. दुकानातल्या मदतनिसाच्या कामाशी यांचा काडीचा संबंध नाही. बोलघेवड्याला पूर्ण गुण मिळतात आणि बुजऱ्या पण कामाच्या माणसाला शून्य. आणि ‘तुम्ही प्रामाणिक आहात का?’ या प्रश्नाला आजवर कोणी ‘नाही’ म्हटलेलं नसेल.

म्हणून प्रश्न उलट बाजूने तयार केला. प्रामाणिकपणा काउंटरवर दिसतो तो कुठे? गल्ला बिलांशी जुळत नाही तेव्हा. सगळे आधी विचारतात ‘पैसे कमी आले तर काय कराल?’ मी विचारायचं ठरवलं ते जास्तीच्या पैशाबद्दल. प्रश्न असा लिहिला: ‘रात्री दुकान बंद करताना गल्ल्यात बिलांपेक्षा २०० जास्त निघाले. मालक घरी गेले आहेत. सकाळपर्यंत तुम्ही काय काय कराल, क्रमाने सांगा.’

हे फार काही उघड करतं. पैसे कमी पडले तर कळवावं लागतं, हे सगळ्यांना माहीत असतं. जास्तीच्या वेळी मात्र एक ठरावीक उत्तर येतं: ‘बाजूला ठेवीन, उद्या कमी पडले तर त्यात घालीन.’ सांगणाऱ्याला हे शहाणपणाचं वाटतं, चोरी तर अजिबात वाटत नाही. पण अशी बाजूची पुडी एकदा सुरू झाली की दोन्ही चुका झाकल्या जातात. जास्तीचे २०० म्हणजे बहुधा एखाद्या ग्राहकाला सुटे कमी दिले गेले, किंवा एखादं बिल करायचं राहिलं. उद्याचे कमी म्हणजे दुसरीच चूक. दोन्ही एकमेकींत बुडाल्या की कारण कधीच सापडत नाही. ‘कमी पडले तर मी खिशातून भरीन’ हे उत्तरही याच जातीचं. ऐकायला उदार, पण त्यातही चूक लपतेच.

उत्तर ऐकायच्या आधीच गुण ठरवून कागदावर लिहावेत, नाहीतर आवडलेल्या माणसाचं साधारण उत्तरही चांगलं वाटायला लागतं. माझे गुण असे होते. पैसे बाजूला ठेवणारं किंवा हिशेब जुळवून टाकणारं उत्तर: १. ‘सकाळी मालकांना सांगीन’ एवढंच असेल तर ३. पुन्हा मोजतो, रोखीने दिलेलं एखादं बिल चुकून कार्डात किंवा ऑनलाइनमध्ये धरलं का बघतो, परत आलेल्या मालाच्या नोंदी तपासतो, आकडा वहीत लिहितो आणि त्याच रात्री कळवतो, असं सांगणाऱ्याला ५. यातलं अर्धं सांगितलं तर ४. उत्तर अर्धवट वाटलं की फक्त ‘आणि मग?’ एवढंच विचारावं. इशारा देऊ नये, नाहीतर उत्तर आपलंच होतं.

अनुभवी आणि नवख्या उमेदवारांची तुलना हाही एक घोळ असतो. ‘पूर्वी असं झालं तेव्हा काय केलंत?’ विचारलं की नवखा गप्प बसतो. त्यावर उपाय म्हणजे काल्पनिक प्रसंगावरचा हा प्रश्न सगळ्यांना सारखा, आणि वर एक प्रश्न भूतकाळाचा, पण दुकानापुरता बांधलेला नाही: ‘दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब ठेवायची वेळ कधी आली होती का?’ सहलीची वर्गणी, मंडळाचा जमाखर्च, काहीही चालतं. तपशील किती खरा वाटतो एवढं बघा.

त्याच क्रमाने, तेच प्रश्न प्रत्येकाला विचारले तरच गुणांची तुलना होते. ठरावीक प्रश्न आणि आधी ठरवलेले गुण असलेली मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा कामाचा अंदाज चांगला देते, हे १९९८ साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी जुन्या अनेक अभ्यासांची बेरीज करून मांडलं होतं. गुण त्याच क्षणी लिहा, पुढचा उमेदवार आत येण्याआधी. दोघे मुलाखत घेत असाल तर आधी आपापले गुण लिहा, मग बोला.

प्रश्नांखेरीज एक छोटी कृतीही घ्यावी. बिल ३८७चं. ग्राहक ५०० देतो. उमेदवार ११३ काढायला लागतो, इतक्यात म्हणायचं, ‘थांबा, हे वरचे ७ सुटे घ्या.’ आता परत द्यायचे १२०. गोंधळ होणं साहजिक आहे, तेवढ्यावर गुण कापू नका. बघायचं हे की तो ५०० आधी गल्ल्यात टाकून मोकळा होतो, की व्यवहार पुरा होईपर्यंत बाहेर ठेवून परत मोजतो. नोटेवरून वाद होतो तो याच जागी.

एक राहिलं: घरची परिस्थिती, लग्न, मुलं याबद्दल विचारायचा मोह होतो, कारण मनात शंका वेळेची असते. मग वेळेचंच विचारा, आणि सगळ्यांना: ‘रविवारी रात्री बंद होईपर्यंत थांबता येईल का? कोणत्या दिवशी अजिबात जमणार नाही?’

आणि पूर्वीच्या मालकाला फोन कराल तेव्हा ‘माणूस कसा होता?’ विचारू नका, ‘छान होता’ एवढंच हाती लागेल. ‘पुन्हा घ्याल का?’ विचारा आणि उत्तराआधी किती वेळ जातो ते ऐका. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला लगेच नकार कळवू नका. पहिला प्रत्यक्ष कामावर हजर होईपर्यंत त्याला ‘अमुक तारखेपर्यंत कळवतो’ असं स्पष्ट सांगून ठेवा, आणि त्या तारखेला फोन कराच.