क्रिएटिनिन वाढलं, तरी गोळी चालू ठेवली

मला बरीच वर्षं उच्च रक्तदाब आहे. किडनीचं काम कसं चाललंय हे दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणीही अधूनमधून होत असे आणि अहवालात आकडा नेहमी नॉर्मलच्या रकान्यात असायचा. माझ्या अहवालांवर ती मर्यादा ०.७ ते १.३ अशी छापलेली होती. वयाच्या ५२व्या वर्षी माझं क्रिएटिनिन १.० होतं, ५५व्या वर्षी १.१ आणि ५८व्या वर्षी १.२. तिन्ही वेळा आकड्यापुढे खूण नव्हती, ठळक अक्षरं नव्हती.

नव्या डॉक्टरांनी मात्र हे तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि प्रत्येकावर पेनाने ईजीएफआर लिहिला : ९१, ७९, ७०. किडन्या मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळत असाव्यात, याचा हा अंदाज. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून तो सूत्राने काढतात. २०२१ साली सुधारलेलं सीकेडी-ईपीआय हे सूत्र आता बरेच जण वापरतात, डॉक्टरांनीही तेच वापरलं होतं.

क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. गाळण्याचं काम निम्म्यावर आलं की रक्तातलं क्रिएटिनिन साधारण दुप्पट होतं. म्हणजे दोघांचं नातं उलटं आहे. त्यामुळे सुरुवातीच्या टप्प्यात ०.१ची वाढसुद्धा ईजीएफआरमधून मोठा तुकडा कापते, आणि नेमक्या त्याच टप्प्यात अहवाल गप्प असतो. माझ्या ताईचं उदाहरण मला आणखी बोलकं वाटतं. तिचं वय ६२, क्रिएटिनिन १.१. तिच्या अहवालावर बायकांसाठी तेवढी मर्यादा चालते, पण तिचा ईजीएफआर ५७ येतो. माझ्या १.२चा ७०. फरक वयाचा थोडा, पण मुख्यतः स्त्री-पुरुषांच्या सूत्रातला, कारण बायकांमध्ये स्नायू सरासरीने कमी असतात.

तरीही डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली. ०.१चा फरक निव्वळ यंत्राचा किंवा त्या दिवसाचाही असू शकतो. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम झाला असेल, भरपूर शिजवलेलं मांस खाल्लं असेल, पाणी कमी प्यायलं असेल, तर क्रिएटिनिन थोडं चढतं. दोन अहवालांवरून घसरण म्हणता येत नाही. तीन अहवाल एकाच दिशेने जात असतील तर मात्र शोध घ्यायचा. वयानुसार ईजीएफआर वर्षाला साधारण एकाने कमी होणं अपेक्षित असतं. माझा सहा वर्षांत एकवीसने कमी झाला होता.

म्हणून त्यांनी सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन या प्रथिनाचं आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर तपासायला सांगितलं. आजवर ही तपासणी मला कुणी सांगितलीच नव्हती, आणि दीर्घकाळ रक्तदाब असलेल्या प्रत्येकाची ती व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. तीसपेक्षा कमी आलं तर ठीक. माझं १८० आलं. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग किंवा जोराचा व्यायाम यांनीही ते तात्पुरतं वाढतं, म्हणून पुन्हा तपासलं. जवळपास तेवढंच आलं. म्हणजे गाळणाऱ्या सूक्ष्म केशवाहिन्यांच्या गुच्छांतून प्रथिन झिरपत होतं. हे तीन महिन्यांहून जास्त टिकलं तर ईजीएफआर ७० असतानाही त्याला दीर्घकालीन किडनीविकारच म्हणतात. माझ्या बाबतीत ते टिकलं.

माझा रक्तदाब तेव्हा १४८/९०च्या आसपास असायचा. रक्तदाबाच्या आधीच्या अम्लोडिपिन या गोळीच्या जोडीला डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ही दुसरी गोळी सुरू केली आणि लगेच सांगितलं, "दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करा. क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसेल. घाबरून गोळी बंद करू नका, आधी मला दाखवा."

दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.४ आलं, ईजीएफआर ५८. इतकी वर्षं नॉर्मल असलेला आकडा औषध घेतल्यावर पहिल्यांदा मर्यादेबाहेर गेला होता आणि घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, गोळी बंद कर. मी कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी चित्र काढून दाखवलं. गाळणाऱ्या प्रत्येक गुच्छात एक रक्तवाहिनी आत येते आणि एक बाहेर जाते. बाहेर जाणारी आवळलेली असेल तर गुच्छातला दाब चढा राहतो. त्या दाबामुळे गाळणं जास्त होतं खरं, पण त्यानेच गुच्छ वर्षानुवर्षं खराब होतात आणि प्रथिन झिरपतं. टेल्मिसार्टन ही बाहेर जाणारी वाहिनी सैल करतं. आतला दाब उतरतो, म्हणून गाळणं थोडं कमी होतं आणि क्रिएटिनिन थोडं चढतं. म्हणजे आकडा ज्या कारणाने बिघडलेला दिसतो, त्याच कारणाने किडनीला आराम मिळतो.

मग किती वाढ चालते? औषधाआधीच्या आकड्याच्या तीस टक्क्यांपर्यंत. माझा हिशेब त्यांनी माझ्याकडूनच करून घेतला : १.२ वरून १.४, म्हणजे ०.२ची वाढ, साधारण सतरा टक्के. माझ्यासाठी तीस टक्क्यांची रेघ १.५६च्या आसपास होती. ती ओलांडली असती तर आधी कारण शोधलं असतं : शरीरातलं पाणी कमी झालंय का, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं चालू आहेत का, किडनीकडे जाणारी धमनी अरुंद आहे का. पोटॅशियमही पाहायचं, कारण ही औषधं ते वाढवतात. माझं ४.९ होतं, चालण्याजोगं. ते ५.५च्या पुढे गेलं असतं तर लगेच उपाय करावे लागले असते.

गोळी चालू राहिली. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन तिथेच, १.४. पुढे सरकलं नाही, हीच खरी पाहण्याची गोष्ट होती; औषधामुळे होणारी घट एकदा होऊन थांबते, आजाराची घट चालूच राहते. रक्तदाब १२८/७८वर आला आणि लघवीतलं गुणोत्तर १८० वरून ७० झालं. ईजीएफआर तीन महिने साठच्या खाली राहिल्यामुळे कागदावर मी किडनीविकाराच्या टप्पा दोनमधून टप्पा तीन-अ मध्ये गेलो आहे. टप्प्याचं नाव वाईट झालं, झिरपणं मात्र निम्म्याहून कमी झालं, आणि डॉक्टर या दुसऱ्या बदलाला जास्त वजन देतात.

आता माझी तुलना १.२शी होत नाही. १.४ हा नवा पाया धरून दर चार महिन्यांनी रक्त, लघवी आणि पोटॅशियम पाहतात. माझे स्नायू वयाने कमी होत जातील आणि त्यामुळे क्रिएटिनिन खोटं चांगलं दिसू शकेल, म्हणून गरज पडली तर स्नायूंवर फारसं अवलंबून नसलेलं सिस्टॅटिन-सी तपासायचं ठरलं आहे. गुडघा दुखला तर वेदनाशामक स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही. आणि जुलाब-उलट्या होऊन पाणी पोटात टिकत नसेल, तर टेल्मिसार्टन तात्पुरतं थांबवायचं का हे त्याच दिवशी फोन करून विचारायचं. तो नंबर मी गोळ्यांच्या डबीवर चिकटवला आहे.