साबणाच्या सहा ओळी

दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी गाणं लिहिलं की चित्रीकरणाआधी मी ते अंगणवाडीत म्हणून बघतो. हात धुण्याच्या गाण्याची गाडी त्या दिवशी 'बोटांत बोटं गुंफू या' या ओळीपाशी अडली. मजेत तळवे चोळणारी मुलं एकदम थांबली आणि आपल्याच हातांकडे बघत बसली. एक मुलगी एकेक बोट धरून दुसऱ्या हाताच्या बोटांमध्ये बसवत होती, तोवर गाणं दोन ओळी पुढे गेलं. या वयात ही कृती चालू गाण्यात जमत नाही.

पण बेचक्या सोडून चालणार नव्हतं. साबण पोचायचा राहतो तो बहुतेक बेचक्यांत, अंगठ्यांवर आणि बोटांच्या टोकांवर. सेविकाताई म्हणाल्या, "दादा, कासव करायला लावा की. एक हात खाली, दुसरा त्याच्या पाठीवर." मुलांनी लगेच केलं! खालच्या हाताची बोटं फाकवली की वरच्या हाताची बोटं आपसूक बेचक्यांत उतरतात. हाताची पाठही त्यातच घासली जाते.

"आणि इथे नळ नाही, बादली-मग आहे," हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून 'नळ' काढून 'पाणी' घातलं. दुपारपर्यंत गाणं असं झालं:

हात भिजले, टप टप टप,
पाणी झालं गप गप गप.

तळव्यावर तळवा, घास घास घास,
आला बघा साबणाचा वास!
कासवाची पाठ चोळू चोळू,
अंगठा मुठीत घोळू घोळू.
मनीमाऊची नखं, खर खर खर,
या तळव्यावर, त्या तळव्यावर.

पाणी आलं, सर सर सर,
फेस गेला भर भर भर!

साबण चोळणं निदान वीस सेकंद व्हायला हवं. मधल्या सहा ओळी साबणाच्या. प्रत्येक ओळ दोन सेकंद म्हणायची आणि पुढची दोन सेकंद नुसता ठेका ठेवायचा. म्हणजे चोवीस सेकंद होतात. हा ठेका काढून टाकायचा मोह संगीतकाराला हमखास होतो, पण मूल आधी बघतं, मग करतं. त्याचं करणं त्या रिकाम्या जागेतच होतं. 'वास'च्या ओळीत नाकाशी हात नेऊ द्यायचा नाही, तळवे चोळतच राहायचे. डावा-उजवा हे शब्द मुद्दाम टाळले, कारण पडद्यावरची ताई समोरून दिसते आणि मुलं आरशातल्यासारखी नक्कल करतात.

शेवटी साबणाऐवजी धुऊन निघणारा निळा रंग हातावर घेऊन मुलांनी पाण्याविना पूर्ण गाणं केलं. तळवे, बेचक्या निळ्या झाल्या. अंगठ्याचं बूड मात्र बऱ्याच जणांचं कोरं राहिलं, कारण मुलं अंगठ्याचं नुसतं टोकच मुठीत धरत होती. दुसऱ्या अंगठ्याकडे तर कुणी वळलंच नव्हतं. मग अंगठ्याची ओळ दोनदा घेतली, हाताला एकदा. साबणाच्या ओळी सात झाल्या, आणि चित्रीकरणात कॅमेरा तिथे अंगठ्याच्या बुडाजवळ न्यायचं ठरलं.