दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांवरचं चौंडकं

आमच्या फॅन पेजवर नवं गाणं आलं की काय व्हायचं, ते बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या कुठल्याही पोराला विचारा. धुरळा, राडा, कडक, आणि त्यापुढे आगीच्या चित्रांची माळ. मी वडगावात राहते. आम्हा तिघाचौघांकडे हे पेज आहे आणि त्यातला सगळ्यांत उत्साही माणूस म्हणजे निपाणीचा एक कॉलेजातला मुलगा. गाणं सुरू होऊन पहिला शब्द कानावर पडायच्या आत त्याची माळ तयार असते. त्याच्या आनंदाबद्दल माझी तक्रार नाही. पण ती माळ मागच्या गाण्यालाही तीच होती आणि त्याच्या आधीच्यालाही. त्या गाण्यात नेमकं काय आवडलं, हे त्यातून कुणालाच कळत नाही, अगदी टाकणाऱ्यालाही.

मग यंदा आमच्या आवडत्या संगीतकाराचं गाणं येणार म्हटल्यावर ती पोस्ट मी लिहायला घेतली. अट एकच ठेवली. ज्या गोष्टीवर वाचणारा बोट ठेवू शकेल, मागे जाऊन पुन्हा ऐकू शकेल, अशी एकच गोष्ट सांगायची.

अशी गोष्ट शोधायची तर आधी व्हिडिओ बघणं बंद करावं लागतं. डोळे उघडे असले की नायिकेची साडी, ड्रोनने टिपलेला घाट, नाचणाऱ्यांची रांग हेच दिसत राहतं आणि कान मागे पडतात. मी फोन पालथा ठेवला आणि तारेचे इअरफोन लावले. फोनच्या स्पीकरवर ऐकून वाद्यांबद्दल काही लिहू नये, कारण एवढ्याशा स्पीकरमधून खालचा घुमार येतच नाही. ढोलकीचा खर्ज गायब होतो आणि शाईची टणटण तेवढी उरते. पुढे याच गोष्टीवरून पेजवर वाद झाला, तो सांगतेच.

पहिल्यांदा ऐकताना नजरेत, म्हणजे कानात, भरले ते गायिकेचे वरचे सूर. पण ते सगळ्यांनाच ऐकू येतात, मुद्दाम सांगण्यासारखं त्यात काही नाही. राग ओळखायच्या भानगडीत मी पडले नाही. चित्रपटगीतात चाल अंतऱ्यात कुठेही वळते आणि एकदा रागाचं नाव चुकलं की दिवसभर शास्त्रीय संगीतवाले मंडळी शिकवणी घेतात. तासाभरात किती लाख लोकांनी पाहिलं, हा आकडाही नको वाटला. संध्याकाळी तो शिळा होतो.

आणि मग दुसऱ्या अंतऱ्याच्या आधीच्या तुकड्यात बासरी थांबते. व्हिडिओत 2:41 ला. मागे नुसता ठेका राहतो आणि एक आवाज येतो, डुंऽई... डुंऽई. चार ठोके. प्रत्येक ठोक्याचा सूर छेडल्यावर वर सरकतो. मी थबकले. हा आवाज मी लहानपणापासून ऐकत आलेय. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर माघी पौर्णिमेला जा, भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या वाटेवर ‘उदो उदो’च्या गजरात तोच असतो. आमच्याकडून मराठी बोलणारे जातात, धारवाडकडून कन्नड बोलणारे येतात, वाद्य मात्र दोघांच्या काखेत तेच, चौंडकं.

ओळख पटली म्हणून लगेच लिहून मोकळं होता येत नाही. मराठी लोकसंगीतात तारेचं आणि कातड्याचं आणखी एक वाद्य आहे, तुणतुणं. दोन्हीचा सांगाडा जवळपास सारखा, पोकळ नळकांडं, खाली कातडं आणि त्यातून वर आलेली एक तार. फरक वाजवण्यात आहे. तुणतुण्याची तार खुंटीला पिळून एका सुरात लावून ठेवतात. पोवाड्यात नाहीतर लावणीत तो एकच सूर अखंड टुणटुणत राहतो, गाणाऱ्याला आधार म्हणून. चौंडकं काखेत धरतात, एका हाताने तार ताणतात आणि सैल सोडतात, दुसऱ्या हाताने छेडतात. ताण वाढला की सूर चढतो, सैल पडला की उतरतो. म्हणून एका जागी स्थिर राहणारा आवाज आला तर तुणतुणं, आणि छेडल्यानंतर सरकणारा आला तर चौंडकं. माझ्या तुकड्यात सूर सरकत होता.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून गल्लीतल्या मावशींकडे गेले. त्या दर मंगळवारी-शुक्रवारी चौंडकं घेऊन बसतात. इअरफोन त्यांना आवडत नाहीत, म्हणून भाच्याचा मोठा स्पीकर लावला. पहिल्यांदा त्या गाण्याच्या कपड्यांवरच बोलल्या. मग तो तुकडा आला.

“चौंडकंच की. तार वढून सोडायलाय बघ. खरं लई सफाईनं वाजवलंय गं, आमचं असलं गुळगुळीत नसतंय.”

त्यांचं हे ‘गुळगुळीत’ मला महत्त्वाचं वाटलं. हल्ली लोकवाद्यांचे आवाज आधीच रेकॉर्ड करून संगणकात ठेवलेले असतात आणि कीबोर्डवर बोट दाबलं की वाजतात. ते ओळखायचं एक ढोबळ तंत्र आहे. तोच ठोका पुन्हा आला की दोन्ही कान देऊन जुळवून बघायचा. माणूस वाजवत असेल तर दोन ठोके तंतोतंत सारखे येत नाहीत, कुठे जोर कमी पडतो, कुठे तार जराशी उशिरा सुटते. या गाण्यात पहिला आणि तिसरा ठोका मला वेगळे वाटले, पण मिक्सिंगमध्ये इतकं काही वर-खाली केलेलं असतं की त्यावर पैज लावावी असं नाही. व्हिडिओखालच्या श्रेयनामावलीत गीतकार, गायिका, संगीत संयोजक, ताल विभाग, मिक्सिंग सगळ्यांची नावं होती, चौंडक्याचा उल्लेख नव्हता. म्हणून ‘खरं चौंडकं वाजवून घेतलंय’ असं लिहायचं टाळलं. चौंडक्याचा आवाज आहे, एवढंच माझ्या कानाला माहीत होतं.

श्रेयाची आणखी एक गंमत. आमच्यातले बहुतेकजण प्रत्येक चांगल्या गोष्टीचं श्रेय संगीतकाराला देऊन टाकतात. पण चाल एकाची असते आणि तिथे कुठलं वाद्य यावं, बासरी कुठे थांबावी हे बरेचदा संगीत संयोजक ठरवतो. म्हणून पोस्टमध्ये मी संयोजकाचंही नाव घातलं.

वेळ लिहिण्यातही मेख आहे. व्हिडिओच्या सुरुवातीला नायक-नायिकेचा संवाद होता, नुसत्या ऑडिओत तो नाही. म्हणजे व्हिडिओत 2:41 ला येणारं चौंडकं ऑडिओ ऐकणाऱ्याला तिथे सापडणारच नाही आणि तो म्हणणार, काय फेकतेय ही. त्यासाठी मिनिट-सेकंदाबरोबर गाण्यातली जागाही सांगायची. तुकडा कापून टाकायचा मोह मात्र आवरला. कंपनीच्या हक्काचा आवाज ओळखला गेला की पोस्टचा आवाज बंद होतो नाहीतर पोस्टच उडते.

शेवटी लिहिलं ते असं: ‘दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी (व्हिडिओत 2:41) बासरी थांबते आणि चौंडक्याचा आवाज एकटा येतो. चारच ठोके, प्रत्येक छेडल्यावर वर सरकतो. सौंदत्तीच्या वाटेवरचा आवाज सिनेमाच्या गाण्यात ऐकून बरं वाटलं. इअरफोन लावून ऐका.’ खाली संगीतकार, गीतकार, गायिका आणि संयोजक यांची नावं.

निपाणीकराचा लगेच फोन. “ताई, एवढंच? एक हार्ट तरी टाक की.”

“तू ऐकलास का तो तुकडा?”

“थांब, ऐकतो.” जरा वेळाने त्याचाच पुन्हा फोन, “आयला, हे मी इतक्या वेळा ऐकूनही ऐकलंच नव्हतं!” हार्ट त्याने स्वतःच्या नावाने टाकलं.

वादाचं म्हणाल तर एकाने ठासून लिहिलं, हे तुणतुणं आहे, बेळगाववाल्यांना सगळीकडे यल्लम्माच दिसते. आधी मला राग आला, मग लक्षात आलं की गडी फोनच्या स्पीकरवर ऐकत असणार. चौंडक्याचा खालचा घुमार त्यात गळून जातो आणि वरची तारेची टण् तेवढी ऐकू येते, मग तुणतुणं वाटणारच. इअरफोन लावून फक्त तिसरा ठोका ऐका, असं मी सांगितलं. त्याने ऐकलं, आणि मग खानापूरच्या एका बाईंनी त्यांच्या आजीच्या चौंडक्याबद्दल लिहिलं, चिकोडीच्या एकाने त्याच वाद्याबद्दल कन्नडमधून लिहिलं. आगीच्या चित्रांखाली असं काही जमा झालेलं मी पाहिलं नव्हतं.

आमच्या भागात गाण्यांवर असं बोलणं खरंतर फार जुनं आहे. 2016 साली ‘सैराट’ आला तेव्हा अजय-अतुल यांनी त्यातला वाद्यवृंद अमेरिकेत सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केल्याची बातमी तोंडोतोंडी झाली होती. पुढच्या वर्षी ‘मनसु मल्लिगे’ हा कन्नड रिमेक आला, नायिकाही तीच, आणि चहाच्या टपरीवर दोन्ही भाषांतली गाणी एकमेकांशी लावून बघितली गेली. कुठे शब्द चालीत नीट बसलेत आणि कुठे ओढलेत, यावर घरात दोन्ही भाषा चालणारी माणसं जे बोलायची ते कुठल्याही समीक्षेत सापडलं नसतं.

शुक्रवारी सिनेमा लागला. निपाणीकर पहिल्याच शोला जाऊन बसला आणि मध्यंतरात त्याचा मेसेज: ‘ताई, चौंडकं कापलंय.’ सिनेमात गाणं एका अंतऱ्यावर संपतं. लांबी कमी करायला अंतरा उडवणं नेहमीचंच आहे, आणि 2:41 चा तुकडा त्याच्याबरोबर गेला. मी पोस्टखाली एक ओळ वाढवली, की हा भाग चित्रपटात नाही, पूर्ण गाण्यातच मिळेल. नाहीतर थिएटरात कान लावून बसलेल्यांनी मला शिव्या घातल्या असत्या.

रविवारी मी स्वतः गेले आणि मागच्या रांगेत बसले. मध्यंतरानंतर एका प्रसंगात पार्श्वसंगीत जवळपास थांबतं आणि तोच सरकणारा सूर येतो, गाण्यापेक्षा हळू, अगदी सैल तारेवर. प्रसंग कुठला ते लिहिलं असतं तर गोष्ट फुटली असती. घरी येऊन पेजवर एवढंच टाकलं: ‘गाण्यातलं चौंडकं कापलं असलं तरी सिनेमात आहे. मध्यंतरानंतर कान उघडे ठेवा, कुठे ते बघून आल्यावर सांगा.’ खाली पहिलं उत्तर निपाणीकराचं, त्याने तो प्रसंग बरोबर ओळखला होता, आणि गोष्ट फुटू नये म्हणून फक्त नायिकेच्या हातात काय होतं तेवढं लिहिलं होतं.