फेब्रुवारीतला पोळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझं कॉम्प्युटरचं छोटं दुकान आहे. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये पहिली ते चौथीच्या शाळेचे मुख्याध्यापक पोषण आहाराचा हिशोब घेऊन आले. पटावर 80 पोरं. माणशी 100 ग्रॅम म्हणजे दिवसाला 8 किलो तांदूळ, आणि ऑगस्ट-सप्टेंबरचे शाळेचे दिवस काढायचे होते. हजेरीबुकावरून सरांनी आधीच 47 मोजले होते, त्यांना फक्त ताळा हवा होता.

सुट्ट्यांची यादी त्यांनी स्वतःच टाईप केली: 15 ऑगस्ट, 2 सप्टेंबरचा पोळा, 3 चा तान्हा पोळा, 7 ची गणेश चतुर्थी, 16 ची ईद. मी सवयीनं एक्सेलचं कामाचे दिवस मोजणारं `NETWORKDAYS` लावलं, तर `#VALUE!` आलं. पाहिलं तर 15/08/2024 आणि 16/09/2024 हे दोन आकडे खान्यात डावीकडे चिकटले होते, म्हणजे एक्सेलनं त्यांना तारीख मानलंच नव्हतं. दोन्ही 15-Aug-2024 अशा पद्धतीनं पुन्हा टाकले. एरर गेली, उत्तर आलं 41.

"भाऊ, आमच्या शनिवारची सुट्टी हे मशीन कोण्या हिशोबानं देऊन राह्यलं?" सर म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. साधं `NETWORKDAYS` शनिवार-रविवार दोन्ही वगळतं आणि ही शाळा तर शनिवारी सकाळची भरते. म्हणून फक्त रविवार वगळणारा 11 हा कोड दिला:

```
=NETWORKDAYS.INTL(DATE(2024,8,1),DATE(2024,9,30),11,H2:H6)
```

आता 50 आले. एररही नाही, आकडाही पटण्यासारखा, आणि मी प्रिंट काढायच्या बेतात होतो. पण सर बुक बंद करेनात. मग बोटांवर मोजलं: एकूण दिवस 61, रविवार 9, उरले 52. पाच सुट्ट्या गेल्या की 47 च राहतात. म्हणजे मशीननं पाचांतल्या दोनच सुट्ट्या धरल्या होत्या, त्याही मी नव्यानं टाकलेल्या.

बाकीच्या तीन खान्यांत महिना अक्षरांत दिसेल असा फॉरमॅट लावला, तेव्हा चोर सापडला. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन होती, आधी महिना आणि मग दिवस. 02/09 झाला 9 फेब्रुवारी, 03/09 झाला 9 मार्च, 07/09 झाला 9 जुलै. 15 आणि 16 नंबरचा महिनाच नसतो, म्हणून त्या दोघांनी तरी ओरड केली. हे तिघे मात्र गुपचूप ऑगस्टच्या मागे जाऊन बसले होते. सेटिंग बदलली, पण आधी भरलेल्या तारखा त्यानं सुधरत नाहीत. तिन्ही पुन्हा टाकल्या, तेव्हा कुठं 47 आले. तांदूळ 376 किलो. 50 धरले असते तर 24 किलो जास्त लागले असते, आणि कोठीशी मेळ बसला नसता.

स्क्रीनवरचा 9 फेब्रुवारी पाहून सर म्हणाले, "फेब्रुवारीत पोळा! बैलायले तरी इचारा लागत होतं."