आमची वाटचाल : सावद्याची कढई आणि नऊ लाखांचा हिशेब

जानेवारी 2022 मध्ये सावद्याजवळच्या भाड्याच्या शेडमध्ये आम्ही केळी वेफर्सची पहिली कढई चढवली. आज आमचा माल धुळे-नंदुरबारपर्यंत जातो. पण लिहायचं आहे ते पहिल्या वर्षाबद्दल, कारण त्या वर्षी आम्हाला बुडवायचा प्रयत्न झाला आणि आमच्याच एका वहीमुळे आम्ही तरलो.

कर्ज आणि घरचे पैसे मिळून अठरा लाख होते. शेडचं डिपॉझिट, कढई, स्लायसर, पॅकिंग मशीन, पाऊचची छपाई, लायसन्स आणि विजेची अनामत यांत नऊ लाख गेले. पाऊच छापायला आधी सिलिंडर बनवावे लागतात आणि छापणारा थोडा माल छापत नाही, तेव्हा तो पैसा एकदम जातो. मशिनचा आकडा जीएसटी धरूनच लिहावा. त्याचं क्रेडिट विक्रीवरच्या करातून हळूहळू वळतं होतं, रोकड म्हणून हातात येत नाही. पीएमईजीपी या सरकारी कर्जयोजनेचं अनुदानही पहिल्या वर्षाच्या जमेत कुणी धरू नये. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकतं. त्यातून पगार होत नाहीत.

राहिले नऊ लाख. माल निघो न निघो, महिन्याला जाणारा पैसा असा: भाडं अठरा हजार, पाच जणांचे पगार बासष्ट, विजेचं किमान बिल नऊ, हप्ता चौदा, गाडीचं डिझेल पंधरा, फोन आणि हिशेबनीस पाच, दुरुस्ती सात, आणि माझ्या घरखर्चाला वीस. एकूण दीड लाख. घरखर्चाची ओळ बरेच जण लिहीत नाहीत. ती लिहाच, कारण घर चालवायला मालक त्याच गल्ल्यात हात घालतो.

बँकेतल्या साहेबांनी नऊला दीडने भागलं आणि म्हणाले, सहा महिने निघतील, तोवर धंदा उभा राहील. त्यांना पाहिजे होता नफ्या-तोट्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट. मी घरी येऊन लाल कापडी रोजमेळात वेगळा तक्ता मांडला. त्यात बिलाची तारीख नव्हती, फक्त पैसा हातात येण्याची आणि हातातून जाण्याची तारीख होती.

आमच्या कढईला एक किलो वेफर्ससाठी साडेचार किलो कच्ची केळी लागायची. केळी बारा रुपये धरली तर चोपन्न, तेल चाळीस, जळण-मीठ-मसाला सोळा, पाऊच दहा, असे एकशेवीस. वितरकाला भाव एकशेनव्वद, कर वेगळा. म्हणजे किलोमागे सत्तर सुटतात आणि दीड लाख भरून काढायला महिन्याला साधारण एकवीसशे किलो माल लागतो. इथपर्यंत सगळेच येतात.

पण केळी आणि तेल रोखीने, आणि वितरकाचा पैसा दोन महिन्यांनी. पहिल्या महिन्यात पाचशे किलो, मग हजार, दीड हजार, दोन हजार असा माल वाढेल असं धरलं. पहिल्या महिन्यात दोन लाख दहा हजार जातात, येत काहीच नाही. शिल्लक सहा नव्वद. दुसऱ्यात दोन सत्तर जातात. शिल्लक चार वीस. तिसऱ्यात तीन तीस जाऊन पहिल्या महिन्याचे पंचाण्णव हजार येतात. शिल्लक एक पंच्याऐंशी. चौथ्या महिन्यात कागदावरचा तोटा फक्त दहा हजार, पण तीन नव्वद जाऊन एक नव्वद येतात आणि खातं पंधरा हजारांनी उणे होतं. साहेबांचे सहा महिने ते हे. उधारीत माल जेवढा झपाट्याने वाढतो, तेवढी रोकड लवकर संपते. विक्री मंद असती तर खातं आणखी थोडं टिकलं असतं.

म्हणून मी अर्धा माल रोखीने द्यायचं ठरवलं, किलोमागे पाच रुपये कमी घेऊन. त्या पाच रुपयांवरून नातेवाइकांनी खूप ऐकवलं. तक्ता पुन्हा मांडला तेव्हा सहाव्या महिन्याच्या अखेरीस सव्वादोन लाख शिल्लक दिसत होती, आणि प्रत्यक्षातही जवळपास तेवढीच राहिली.

रोख घेणारं पहिलं गिऱ्हाईक अमळनेरचे किराणावाले काका. पाकीट कानाशी नेऊन हलवायचे, एक वेफर मोडून आवाज ऐकायचे आणि मगच पैसे मोजायचे. तेल एक दिवस जास्त वापरलं तर त्यांना वासावरून कळायचं. स्लायसरचं पातं बोथट झालं की चकती जाड-पातळ पडते आणि कडा आधी जळते, हेही त्यांनीच माल बघून सांगितलं. तेव्हापासून पातं दर आठवड्याला धार लावूनच बसतं.

सहाव्या महिन्यात येणं-जाणं यातला फरक, म्हणजे निव्वळ बर्न, पंधरा हजारांवर आला होता. सव्वादोन लाखांना पंधरा हजारांनी भागलं तर रनवे, म्हणजे शिल्लक पुरण्याची मुदत, पंधरा महिने. पण वहीत मी दुसरा आकडाही लिहायचो: येणं अजिबात थांबलं तर किती? सव्वादोन भागिले दीड, म्हणजे दीड महिना. पहिला आकडा गिऱ्हाइकांच्या भरवशावर उभा असतो, दुसरा फक्त खात्यातल्या पैशावर. दोन्हींत एवढं अंतर असेल तर धंदा एकाच माणसाच्या हातात आहे असं समजावं.

आमचा तो माणूस म्हणजे जळगावचा वितरक. श्रावणाच्या तोंडावर, उपवासाच्या मालाचा हंगाम साधून, एका मोठ्या वेफर्सवाल्याने त्याला लांब उधारी आणि दहा पेट्यांवर एक पेटी फुकट दिली. त्याचा माल आमच्यापेक्षा चांगला होता असं कुणी म्हणत नव्हतं. वितरकाने आमचे तीन लाख ऐंशी हजार धरून ठेवले आणि फोन घेणं बंद केलं. आमचा पैसा त्याने प्रतिस्पर्ध्याच्या मालात फिरवला, याचा राग आजही गेलेला नाही.

ठरल्या तारखेनंतर दहा दिवसांत पैसा नाही आला तर त्या नावाची केळी कापायची नाही, असं वहीत जानेवारीतच लिहिलं होतं. त्याप्रमाणे जुलैत उत्पादन थेट हजार किलोंवर आणलं. तरी पंच्याऐंशी हजारांची तूट आली. ऑगस्टमध्ये घरखर्चाचे वीस हजार बंद केले, गाडीच्या फेऱ्या कमी करून दहा हजार वाचवले. पगाराला हात लावला नाही. चकती सरळ तेलात सोडणारे हात एकदा गेले की परत मिळत नाहीत. काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, पैसा आज लई जा, माल सकाय धाड." म्हणजे पैसा आज घेऊन जा, माल उद्या पाठव. त्यांनी आणि त्यांच्या ओळखीच्या दुकानांनी चारशे किलो जास्त उचलले आणि तूट एकोणतीस हजारांवर आली.

लघुउद्योग म्हणून आमची उद्यम नोंदणी होती, म्हणून थकलेल्या पैशासाठी सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार टाकली. लघुउद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा 2006 प्रमाणे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या पुढे पैसा लांबवता येत नाही, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. नोटीस गेल्यावर वितरकाची भाषा बदलली, पण पैसा आला दिवाळीनंतर. कायद्याने मिळणारा पैसा रनवेत धरायचा नाही तो यासाठी.

पुढची वर्षं बरी गेली. नव्याने सुरू करणाऱ्याला एक सांगतो. तक्ता केळीच्या एकाच भावावर मांडू नका. बाराची केळी वीस झाली तर किलोमागचे सत्तर रुपये चौतीसवर येतात आणि खर्च निघायला महिन्याला चव्वेचाळीसशे किलो लागतात. तेवढा माल एका कढईतून निघत नाही. रावेरच्या बाजारातला केळीचा भाव रोज लिहा आणि तो कुठल्या आकड्याला गेला की कढई अर्धी चालवायची, ते आधीच ठरवा. आमचा आकडा सोळा आहे.

तोच वितरक मागच्या वर्षी शेडवर आला होता, माल पाहिजे म्हणून. चहा दिला. माल आगाऊ पैशावर देतो आणि पाच रुपयांची सूटही त्याला नाही.