बोटाच्या थेंबातल्या सुट्या प्लेटलेट्स

मे महिन्यात एका बालरोगतज्ज्ञ मित्राचा फोन आला. मुलगी तेरा वर्षांची, पहिलीच पाळी, अठरा दिवस झाले तरी रक्तस्राव थांबलेला नाही. हिमोग्लोबिन ५.४. प्लेटलेट्स २ लाख ४० हजार. रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या दोन चाचण्या, पीटी १३ सेकंद, एपीटीटी ३१ सेकंद. "रिपोर्ट सगळे चांगले आहेत आणि रक्त थांबत नाही. प्लेटलेटची पिशवी लावू का?"

मी म्हणालो, "लाल पेशी जरूर दे, पण प्लेटलेट्सची पिशवी जरा थांबव. आधी मला तिच्या बोटातला एक थेंब पाहू दे." दुसऱ्याच्या प्लेटलेट्स एकदा अंगात गेल्या की काचेवर त्याही दिसतात, आणि मग दोष कोणाचा हे कळत नाही.

सोबत आजी होत्या. नाकातून रक्त येतं का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "उन्हाळ्यात घोळणा फुटतोच की हो डॉक्टर, सगळ्यांचाच." सोलापूरच्या उन्हात हे खरंच आहे, म्हणूनच वर्षानुवर्षं कोणी पुढे विचारलं नसावं. पण हिचा घोळणा डिसेंबरातही फुटायचा आणि तासभर चालायचा. कान टोचले तेव्हा दोन दिवस रक्त झिरपत होतं. दुधाचा दात पडला त्या रात्री उशी भिजली होती. हातापायांवर निळे डाग कायमचेच. सांधा मात्र कधी सुजलेला नव्हता. "हिची आई माझ्या भावाचीच मुलगी, घरातच केली," हे आजींनी सहज सांगितलं आणि मी ते कागदावर लिहून घेतलं.

नाक, हिरड्या, त्वचा, गर्भाशय अशा ठिकाणचं रक्त जखम होताक्षणीच सुरू होतं आणि रेंगाळतं, तेव्हा संशय प्लेटलेट्स मिळून घालतात त्या पहिल्या बुचावर घ्यायचा. सांध्यात किंवा स्नायूत उशिरा साठणारं रक्त बहुधा गोठणघटकांच्या कमतरतेचं असतं. पीटी आणि एपीटीटी या चाचण्या प्लेटलेट्स खाली बसवून उरलेल्या प्लाझ्मावर होतात. ज्या नमुन्यातून प्लेटलेट्स काढूनच टाकल्या, तो नमुना प्लेटलेट्सच्या कामाबद्दल काय सांगणार? आणि यंत्राने दाखवलेले २ लाख ४० हजार म्हणजे फक्त हजेरी.

तिच्या जुन्या कागदांत एक बीटी-सीटीची चिठ्ठी होती: ब्लीडिंग टाइम, म्हणजे टोचल्यावर रक्त थांबायला लागलेला वेळ, २ मिनिटं. बोटाला लॅन्सेट टोचून टिपकागदावर केलेली ती मोजणी. टोचणीची खोली, बोटावरचा दाब, हाताचा गारवा यांवर ती इतकी हलते की तिच्या भरवशावर कोणालाही निरोगी ठरवू नये. त्या २ मिनिटांनी या मुलीची काही वर्षं वाया घालवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचं समजायला रक्तवाहिनीच्या भिंतीपाशी जावं लागेल. आतलं अस्तर फाटलं की खालचं कोलॅजेन उघडं पडतं. प्लाझ्मातला फॉन विलेब्रांड घटक नावाचा लांबलचक रेणू त्यावर जाऊन बसतो. शांत प्रवाहात तो गुंडाळलेला असतो, पण लहान धमन्यांत रक्त भिंतीला जोरात घासून वाहतं आणि त्या ताणाने तो उलगडतो. उलगडला की प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचं जीपी वन-बी हे ग्राहक प्रथिन त्याला धरू शकतं. ही पकड सैल असते. क्षणात लागते, क्षणात सुटते, त्यामुळे वेगाने जाणारी प्लेटलेट भिंतीवरून लोळत हळू होते. तेवढ्या वेळात तिची दुसरी ग्राहकं थेट कोलॅजेनला भिडतात आणि ती घट्ट चिकटते. इथवरचा भाग म्हणजे अधिश्लेषण, प्लेटलेट आणि भिंत यांचं नातं.

कोलॅजेनचा स्पर्श झाला की प्लेटलेटच्या आत कॅल्शियम वाढतं. चपटी तबकडी गोल होते, तिला काटे फुटतात, पोटातल्या पुटिकांमधून एडीपी बाहेर पडतं आणि थ्रॉम्बॉक्सेन तयार होऊ लागतं. हे दोन्ही शेजारून जाणाऱ्या प्लेटलेट्सना जागं करतात. मग शेवटची पायरी. प्लेटलेटवर टू-बी-थ्री-ए नावाचं ग्राहक प्रथिन हजारोंच्या संख्येने असतं, पण एरवी ते मिटलेलं असतं. आतून इशारा आला की ते उघडतं आणि प्लाझ्मातलं फायब्रिनोजेन हे प्रथिन धरतं. फायब्रिनोजेनला दोन्ही टोकांना पकडायची जागा असल्याने एक टोक या प्लेटलेटकडे, दुसरं त्या प्लेटलेटकडे, असा पूल होतो. हे समूहन, म्हणजे प्लेटलेट आणि प्लेटलेट यांचं नातं. आपल्याला शोधायचं होतं की या मुलीत कुठलं नातं जुळत नाही.

म्हणून बोटातला थेंब. तिच्या बोटाला टोचून पहिला थेंब पुसला, दुसरा थेट काचेवर घेऊन लगेच पसरला. त्याच वेळी आमच्या तंत्रज्ञाच्या बोटातूनही एक काच केली, तुलनेसाठी. दोन्हींना एकत्रच लीशमन रंग दिला. तंत्रज्ञाच्या काचेवर, कडांना आणि शेपटाकडे, दहा-दहा वीस-वीस प्लेटलेट्सचे पुंजके होते. मुलीच्या काचेवर एकही पुंजका नव्हता. प्रत्येक प्लेटलेट सुटी, जणू पेरून ठेवलेली. आकार नेहमीचा, दाणे व्यवस्थित. एवढ्याशा टोचणीवर कापूस दाबून मात्र तिला वीस मिनिटं बसावं लागलं.

तिची काच आधीही पाहिली गेली होती आणि शेरा होता "प्लेटलेट्स पुरेशा". तो शेरा खरा होता, पण काच जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रक्ताची होती. त्या नळीतलं ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि टू-बी-थ्री-एला स्वतःचे दोन भाग जुळवून ठेवायला आणि फायब्रिनोजेन धरायला कॅल्शियम लागतं. म्हणजे त्या नळीत निरोगी माणसाच्याही प्लेटलेट्स सुट्याच राहतात. जो दोष शोधायचा आहे, तोच ती नळी प्रत्येकात निर्माण करते. उलट थेट बोटातल्या काचेवर सुट्या प्लेटलेट्स दिसल्या तर तो मोठा पुरावा आहे, फक्त काच भराभर करायला हवी आणि सोबत निरोगी माणसाची काच हवीच.

दुसरं काम आणखी साधं. साध्या काचेच्या नळीत तिचं रक्त घेऊन ती ३७ अंशांवर ठेवली. गोळा वेळेत झाला, कारण गोठणघटक शाबूत होते. पण निरोगी रक्ताचा गोळा पुढच्या काही तासांत आकसतो, भोवती सीरम सुटतं; हिचा चार तासांनीही नळी भरून तसाच होता. फायब्रिनचे धागे आत ओढायचं काम प्लेटलेट्स याच टू-बी-थ्री-एच्या पकडीने करतात. पांडुरोगात लाल पेशी कमी असल्याने गोळा उलट जास्तच आकसलेला वाटतो. इथे हिमोग्लोबिन ५.४ असून तो आकसला नाही, म्हणून मला ही खूण पक्की वाटली. स्विस बालरोगतज्ज्ञ ग्लान्झमान यांनी १९१८ मध्ये थ्रॉम्बॅस्थेनिया या आजाराचं वर्णन केलं, तेही गोळा नीट न आकसणाऱ्या मुलांवरूनच.

पाळीतल्या दुखण्यासाठी तिला मेफेनॅमिक अॅसिड सुरू होतं. ते थ्रॉम्बॉक्सेन अडवतं, म्हणजे आधीच अधू असलेल्या प्लेटलेटचा उरलासुरला आधारही काढून घेतं. ते बंद करायला सांगितलं. लाल पेशींच्या दोन पिशव्या, झालेला गोळा विरघळू न देणारं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेल्या नॉरएथिस्टेरॉन या संप्रेरकावर पाचव्या दिवशी रक्त थांबलं.

समूहनाची चाचणी सोलापुरातून नळी पाठवून होत नाही. नमुना काढल्यापासून चार तासांच्या आत ती संपवावी लागते आणि रक्त फ्रिजमध्ये ठेवता येत नाही, गारव्याने प्लेटलेट्स आपोआप जाग्या होतात. म्हणून तीन आठवड्यांनी मुलगीच वडिलांसोबत सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला गेली. तिथे सायट्रेटमधल्या रक्तातून प्लेटलेट्सनी भरलेला गढूळ प्लाझ्मा वेगळा काढतात, तो ३७ अंशांवर ढवळत ठेवतात, त्यात प्लेटलेट्सना जागं करणारं एकेक द्रव्य टाकतात आणि त्यातून प्रकाश सोडतात. प्लेटलेट्सचे गोळे झाले की प्लाझ्मा निवळतो, प्रकाश जास्त पार होतो, आलेख चढतो.

आलेख मी कागदावर मागवले होते, कारण "प्रतिसाद नाही" या दोन शब्दांत अर्धी माहिती हरवते. एडीपी १० मायक्रोमोलर: तुलनेच्या माणसात ७८ टक्के, हिच्यात ४. कोलॅजेन, अॅड्रेनॅलिन, अॅराकिडॉनिक अॅसिड, सगळे आलेख जमिनीला चिकटलेले. पण एडीपी टाकल्यावर सुरुवातीला रेघेत एक लहानसा खड्डा दिसत होता. तबकडीची गोल प्लेटलेट होताना प्रकाश किंचित अडतो, त्याचा तो खड्डा. म्हणजे तिच्या प्लेटलेट्सना इशारा ऐकू येत होता, त्या रूपही बदलत होत्या. फक्त एकमेकींना धरू शकत नव्हत्या.

रिस्टोसेटिनचा आलेख मात्र ६४ टक्क्यांपर्यंत चढला आणि मग थोडा घसरला. रिस्टोसेटिन हे कधीकाळचं प्रतिजैविक, रुग्णांच्या प्लेटलेट्स घटतात म्हणून औषध म्हणून मागे पडलेलं. प्रवाहाचा ताण नसतानाही ते फॉन विलेब्रांड घटकाला जीपी वन-बीशी जोडून देतं. तो आलेख चढला, म्हणजे पहिलं नातं, भिंतीशी असलेलं, शाबूत होतं. घसरला, कारण ती जुळणी टिकवायला पुढे टू-बी-थ्री-ए लागतं. बर्नार्ड-सूलिए आजारात चित्र नेमकं उलटं असतं: बाकीचे आलेख चढतात, रिस्टोसेटिनचा पडून राहतो, आणि काचेवर अवाढव्य प्लेटलेट्स दिसतात. फॉन विलेब्रांडच्या तीव्र कमतरतेतही तो पडतो, पण निरोगी प्लाझ्मा मिसळला की चढतो.

फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशींवरची प्रथिनं मोजणाऱ्या चाचणीत, सीडी ४१ आणि सीडी ६१, म्हणजे टू-बी-थ्री-एचे दोन भाग, ५ टक्क्यांहून कमी निघाले; जीपी वन-बीची खूण असलेलं सीडी ४२बी पूर्ण. ग्लान्झमान थ्रॉम्बॅस्थेनिया, प्रकार पहिला.

प्लेटलेटच्या पिशवीबद्दलचा सावधपणा आता दुहेरी झाला. जे प्रथिन तिच्या शरीराने कधी पाहिलंच नाही, ते दात्याच्या प्लेटलेट्सवर भरपूर असतं. त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली, तर पुढे बाळंतपणात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेत पिशव्या लावूनही उपयोग होत नाही. तिच्या कार्डावर मित्राने हे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक अॅसिड नको, पॅरासिटामॉल चालेल, दात काढण्याआधी ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड सुरू करा, हेही.

पुढच्या भेटीला आजी तिच्या आठ महिन्यांच्या भावाला घेऊन आल्या. त्याचे कान टोचायचे होते. टाचेतून थेंब घेऊन काच केली, पुंजके भरपूर होते. "टोचा कान," मी म्हणालो. आजींनी लगेच विचारलं, "मग ह्याच्यात तो दोष नाहीच ना?" आजार नाही, एवढंच ती काच सांगते. एकच सदोष जनुक असलेल्या माणसात ही प्रथिनं साधारण निम्मी असतात आणि पुंजके व्हायला तेवढी पुरतात. तो वाहक आहे का, हे जनुकतपासणीशिवाय कळणार नाही, आणि घरातल्या घरात पुढची सोयरीक जुळवण्याआधी ती करून घ्या, असं त्यांना सांगितलं.